चार तोळ्यांची चिठ्ठी

सोन्याच्या व्यापारातील लबाडी म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे खोटी वजने येतात, पारड्याखाली चिकटवलेले मेण येते, नाही तर कसोटीवरची रेघ उजेडाआड धरणारा सराफ येतो. माझ्या चुलत्यांच्या पेढीवर मी जे शिकलो ते यापेक्षा निराळे होते. यांतले काहीही न करता, एकही खोटा शब्द न उच्चारता, गिऱ्हाइकाचे सहा ग्रॅम सोने आपल्याकडे ठेवून घेता येते. त्यासाठी योग्य वेळी फक्त ‘हो’ म्हणावे लागते. ही हकीकत त्या न म्हटलेल्या ‘हो’ची आहे. तिच्यातील माणसांची नावे मुद्दामच देत नाही.

गोष्ट तीसेक वर्षांपूर्वीची. सांगली जिल्ह्यातील तालुक्याच्या गावी काकांची सराफी पेढी होती. गादी, लाकडी फडताळ, काचेच्या पेटीतला काटा आणि मागच्या बाजूला आटणीपुरती लहानशी भट्टी, एवढाच पसारा. आमच्या भागातील विटा, खानापूर, आटपाडीकडचे गलाई कारागीर सोने-चांदी गाळण्याच्या कामासाठी देशभर पसरलेले आहेत. त्यांपैकीच एक वृद्ध कारागीर आठवड्यातून दोन दिवस आमच्याकडे येत असे. मी नुकताच पदवी घेऊन पेढीवर बसू लागलो होतो आणि धंदा म्हणजे हिशेब, अशी माझी पक्की समजूत होती.

मार्गशीर्षातला गुरुवार होता. दिवस लहान. काकांचे सूर्यास्तापूर्वीचे जेवण कधी चुकत नसे. साडेपाचला ते गादीवरून उठत आणि पुढचा अर्धा तास पेढी माझ्या हाती असे. ते उठण्याच्या बेतात असतानाच एक बाई पायऱ्या चढून वर आल्या. कपाळ मोकळे, अंगावर फिकट लुगडे, बरोबर सतरा-अठरा वर्षांची मुलगी. नवऱ्याला जाऊन तीन महिने झाले होते. त्यांनी पदराची गाठ सोडून दोन पाटल्या आणि एक बोरमाळ गादीवर ठेवली.

“अण्णा, मोड घालायची हाय,” त्या म्हणाल्या. “पाटल्या चार तोळ्याच्या हायत. सासूबाईंनी करून घेतलेल्या. माळ दोन तोळ्याची.”

आपल्याला किती रक्कम हवी तेही त्यांनी विचारण्याआधीच सांगून टाकले. नडलेली माणसे तसे करतात, आणि समोरच्याच्या हाती सुरी देतात. विहिरीच्या मोटारीसाठी काढलेले गावच्या सोसायटीचे बारा हजार थकले होते. मुलीला मिरजेला परिचारिकेच्या प्रशिक्षणासाठी प्रवेश मिळाला होता. तिची फी आणि राहण्याचा खर्च साडेसहा हजार. एकूण साडेअठरा हजार. दुपारी त्या आणखी एका पेढीवर जाऊन आल्या होत्या. तिथे त्यांना सांगितले गेले होते की चार तोळ्यांच्या पाटल्या, माल जुना, दहा टक्के घट, म्हणजे छत्तीस ग्रॅम; सोळा हजार दोनशे रुपये येतील. उरलेल्या रकमेसाठी बोरमाळही द्यावी लागेल.

त्या वेळी सोन्याचा खरेदीचा भाव दहा ग्रॅमला साडेचार हजारांच्या घरात होता. हिशेब मी मनातल्या मनात करून पाहिला. चार तोळे म्हणजे चाळीस ग्रॅम, दहा टक्के वजा जाता छत्तीस, गुणिले साडेचारशे. सोळा हजार दोनशे. आकड्यात कुठेही चूक नव्हती.

मी पाटल्या काट्यावर ठेवल्या. काटा स्थिर झाला तेव्हा वजन भरले ४६ ग्रॅम ३०० मिलिग्रॅम.

चूक आकड्यात नव्हती, ती ‘तोळा’ या शब्दात दडलेली होती. आपण आज तोळा म्हणतो तो दहा ग्रॅमचा. जुना तोळा तेवढा नव्हता. बारा मासे, म्हणजेच शहाण्णव गुंजा, असा तो तोळा. इंग्रजी अमलात चांदीचा रुपया बरोबर तेवढ्या वजनाचा पाडला जाई, म्हणून आपल्या आज्या राणीछाप रुपयाने दागिना तोलत. ग्रॅममध्ये तो होतो ११.६६. वजनमापांचा दशमान कायदा १९५६ साली झाला, त्यानंतर हळूहळू पेढ्यांवर ग्रॅम आले आणि जुना तोळा व्यवहारातून गेला. शब्द मात्र राहिला आणि तो दहा ग्रॅमला चिकटला. त्या बाईंच्या सासूने पाटल्या केल्या त्या जुन्या तोळ्याने. तिचे चार तोळे म्हणजे पावणेसत्तेचाळीस ग्रॅमला थोडे कमी. चाळीस वर्षांच्या वापराने झिजून ते ४६.३०० उरले होते. सासूने सुनेला ‘चार तोळे’ सांगितले, सुनेने आम्हाला सांगितले. दोघींचेही खरे होते. मधल्या मधे मापच बदलले होते.

“भरल्या न्हवं चार तोळं?” बाईंनी विचारले.

खरे सांगायचे तर माझ्या ओठांवर ‘हो’ आला होता. तो खोटाही ठरला नसता. त्यांनी चार म्हटले, मी चार म्हटले. भाव मी पाडला नसता, काट्याला हात लावला नसता. वरच्या सहा ग्रॅमविषयी मला कुणी विचारलेच नव्हते. आणि पेढीला त्या आठवड्यात पैशांची निकड होती. सोमवारपर्यंत कोल्हापूरच्या गुजरीतील एका व्यापाऱ्याचे वीस हजार चुकते करायचे होते, हे काकांपेक्षा मलाच जास्त डाचत होते.

काका दारातून परत फिरले होते. त्यांनी काट्याकडे पाहिले आणि माझ्या मनगटावर हात ठेवला.

“ताई, चार नाहीत,” ते म्हणाले. “आजच्या तोळ्याने हे साडेचारच्या वर जाते. सेहेचाळीस ग्रॅम आणि वर तीनशे मिलिग्रॅम. इकडे या, काट्याजवळ बसा, मी पुन्हा तोलून दाखवतो.”

त्यांनी पारडी रिकामी केली, काटा समतोल असल्याचे दाखवले, एक-एक वजन मोजून ठेवले आणि मुलीला ते मोठ्याने वाचायला लावले. मग दोन तोळ्यांतला फरक समजावून सांगितला. बाईंच्या चेहऱ्यावर आनंद दिसेल अशी माझी अपेक्षा होती. दिसला तो संशय. जो सराफ मागितल्याशिवाय वजन वाढवून सांगतो, तो दुसरीकडे कुठे तरी कापणार, असा तो भाव होता.

काकांनी नेमके तेच केले, असे क्षणभर कुणालाही वाटले असते. बोरमाळ तोलून ते म्हणाले, “ही मात्र दोन तोळे नाही. काट्यावर बावीस ग्रॅम ऐंशी सेंटी भरते आहे, पण हे सगळे सोने नव्हे. बोरमाळेचे मणी पोकळ असतात. पातळ पत्र्याचे मणी करून आत लाख भरतात, म्हणून ते दबत नाहीत. वजन लाखेचे आणि दोऱ्याचेही आहे. सोने किती, ते आटवल्याशिवाय नक्की सांगता येणार नाही. माझा अंदाज चौदा ग्रॅमच्या आतबाहेर.”

“चौदा?” बाईंचा आवाज बदलला. “सासूबाई कधी लबाड बोलल्या न्हाईत.”

“त्या लबाड बोलल्या नाहीत. त्यांनी माळ तोलली, सोने तोलले नाही. मण्यांना झाळ दिलेली असते, तिचा कस अंगच्या सोन्याहून कमी असतो. त्यामुळे आटवल्यावर आणखी थोडे घटेल. मी आज जास्त सांगितले तर उद्या आटणीनंतर कमी द्यावे लागेल, मग तुम्ही मला चोर म्हणाल आणि ते बरोबरच असेल.”

थोडा वेळ कुणी काही बोलले नाही. मग काकांनी वहीचा कागद घेऊन हिशेब मांडला. पाटल्या भरीव आहेत, त्यांत लाख नाही. कसोटीवर पाहता बावीस कॅरेटच्या जवळपास वाटतात. आटवून नक्की झाल्यावर शुद्ध सोने बेचाळीस ग्रॅमच्या आसपास निघेल, म्हणजे एकोणीस हजारांना थोडे कमी. “तुमची गरज साडेअठराची आहे. ती पाटल्यांत भागते. माळ मोडू नका. मोडली तर हातात येतील पाच-साडेपाच हजार, आणि उद्या पोरीसाठी तशीच करायला गेलात तर सोन्यावर घडणावळही द्यावी लागेल. माळ परत बांधा.”

दुसऱ्या पेढीवर पाटल्यांचे सोळा हजार दोनशे येत होते, म्हणून माळ मोडावी लागणार होती. इथे पाटल्यांचे वजन खरे धरले, एवढ्यानेच माळ वाचत होती. दया म्हणून एक रुपयाही वर दिलेला नव्हता.

अडचण पुढे होती. गल्ल्यात त्या दिवशी अकरा हजारच होते. मी काकांच्या कानाशी लागलो की अकरा आता देऊ, पाटल्या ठेवून घेऊ, बाकीचे सोमवारी. काकांनी मान हलवली. पैसे पुरे नसताना दागिना ठेवून घेणे त्यांना मान्य नव्हते. त्यांनी एक चिठ्ठी लिहिली: पाटल्या नग दोन, भरीव, आटणीपूर्वीचे वजन ४६.३०० ग्रॅम. खाली तारीख, सही आणि पेढीचा शिक्का. पाटल्या, माळ आणि चिठ्ठी तिन्ही त्यांनी बाईंच्या हाती परत दिली.

“सोमवारी गलाईवाले येतात. तेव्हा या, पुरी रक्कम तयार ठेवतो. दरम्यान आणखी कुठे तोलून बघा. जास्त कुणी देत असेल तर तिकडे द्या.”

त्या गेल्या तेव्हा दिवस मावळला होता. काकांचे ताट घरी झाकून ठेवलेले होते, ते तसेच राहिले.

रात्री सामायिक आटोपल्यावर मी त्यांच्याशी वाद घातला. गिऱ्हाईक हातचे घालवले, चिठ्ठी देऊन वर दुसऱ्यांच्या हाती आपले माप दिले. आणि आपण खोटे तरी काय बोललो असतो? चार तोळे त्याच म्हणाल्या होत्या.

काका म्हणाले, “पर्युषणात सातव्या दिवशी काय ऐकलेस?”

आमच्याकडे दशलक्षण पर्वात रोज तत्त्वार्थसूत्राचा एक अध्याय वाचला जातो. सातव्या अध्यायात व्रते आणि त्यांचे अतिचार येतात. मला अचौर्य व्रताचे अतिचार आठवत होते, कारण ते सरळ व्यापाऱ्यालाच उद्देशून आहेत: घ्यायचे माप मोठे आणि द्यायचे लहान ठेवणे, चांगल्यात हिणकस मिसळणे. मी म्हणालो, आपण यांतले काहीच केले नसते.

“ते चोरीचे झाले. त्याच्या आधीचे सत्यव्रताचे बघ. न्यासापहार.”

तो शब्द मी अनेकदा ऐकला होता, अर्थ ठाऊक नव्हता. काकांनी तो आचार्य पूज्यपादांच्या सर्वार्थसिद्धीतल्या विवरणाप्रमाणे सांगितला. एखाद्याने आपल्याकडे सोने वगैरे ठेव म्हणून ठेवले. पुढे तो किती ठेवले हे विसरला आणि कमीच मागू लागला. त्या वेळी ‘हो, तेवढेच होते’ असा होकार देणे, हा न्यासापहार. आचार्यांनी तो चोरीत धरला नाही, सत्याच्या अतिचारांत घातला. कारण तिथे हाताने काही घेतलेले नसते, तोंडाने फक्त होकार दिलेला असतो.

मी म्हणालो, “पण ती ठेव कुठे होती? त्या तर विकायला आल्या होत्या.”

“शब्दाने तुझे बरोबर आहे,” काका म्हणाले. “सूत्र ठेवीविषयी बोलते. पण बाईने दागिना काट्यावर ठेवला आणि अजून भाव ठरला नाही, पैसे दिले नाहीत. तोपर्यंत तो कुणाचा? तिचाच ना? मग तेवढा वेळ तो माझ्याकडे ठेवच आहे. आपले किती आहे हे तिला ठाऊक नाही आणि मला ठाऊक आहे. तिथे ‘हो’ म्हटले की झाले.”

त्या रात्री मला ते पूर्ण पटले असे नाही. वीस हजारांची काळजी होतीच. शनिवारी बाजारात ऐकू आले की बाईंच्या दिराने चिठ्ठी नेऊन पहिल्या पेढीवर दाखवली आणि तिथे त्याला सांगण्यात आले, आम्हीही तेच वजन धरतो, वर शंभर रुपये जास्त देतो. मी काकांना विजयाने ते सांगितले. काका म्हणाले, “बरे झाले. बाईला शंभर जास्त मिळतील.”

सोमवारी दहा वाजता बाई, मुलगी आणि दीर तिघेही आमच्या पायरीवर हजर होते. शंभर रुपये सोडून इथे का आलात, असे मी न राहवून विचारले. बाई म्हणाल्या, “चिठ्ठी नसती तर दिलं असतं का त्यांनी?”

आटणी त्यांच्या डोळ्यांदेखत झाली. गलाईवाल्यांनी पाटल्या कातरून मुशीत टाकल्या, वर चिमूटभर टाकणखार घातला आणि भट्टीचा भाता सुरू केला. पाणी झालेले सोने साच्यात ओतले, थंड झालेली लगड घासून काट्यावर ठेवली. ४६.१००. बाईंनी लगेच विचारले, दोनशे मिलिग्रॅम गेले कुठे? काकांना तो प्रश्न आवडला. चाळीस वर्षांचा मळ, साबण, नक्षीत बसलेली घाण जळून जाते. भरीव दागिन्यात आटणीची तूट एवढीच असावी. भरीव दागिना एकदम दोन-तीन ग्रॅमने घटला तर मुशीत आणि आजूबाजूला पाहावे, असे ते त्या दिराला म्हणाले. पोकळ, लाखेच्या दागिन्याची गोष्ट वेगळी. तिथे घट मोठी असते आणि ती खरी असते.

मग कस. काळ्या कसोटीवर लगडीची रेघ ओढली, शेजारी ठरलेल्या कसाच्या सळईची. दोन्हींवर तेजाबाचा थेंब फिरवला. हिणकस असेल तर ती रेघ फिकट होते, काही वेळा पुसूनच जाते. लगडीची रेघ टिकली, पण सळईच्या रेघेपेक्षा अगदी किंचित फिकी राहिली. शुद्ध बावीस कॅरेट म्हणजे शेकडा ९१.६. गलाईवाल्यांनी ९१ ठरवले आणि काकांनी ते मान्य केले. ४६.१०० चे ९१ टक्के म्हणजे ४१.९५ ग्रॅम शुद्ध सोने. साडेचारशे रुपये ग्रॅमने अठरा हजार आठशे अठ्ठ्याहत्तर. आटणीचे चाळीस वजा. हातात अठरा हजार आठशे अडतीस.

काकांनी आपला नफाही सांगून टाकला. विक्रीचा भाव त्या दिवशी दहा ग्रॅममागे साठ रुपयांनी जास्त होता, म्हणजे या व्यवहारात पेढीला अडीचशे रुपये सुटणार होते. दुसऱ्या वाटेने गेलो असतो तर त्यांवर आणखी दोन हजार सहाशे-सातशे सुटले असते. हा आकडा मी अजून विसरलेलो नाही, कारण त्या सोमवारी गुजरीतील व्यापाऱ्याकडे मुदत मागायला मलाच जावे लागले.

यानंतर पेढीची भरभराट झाली, असे लिहिले तर ते खोटे होईल. आधी नुकसान झाले. लहान गावात सराफ एकमेकांच्या आधाराने चालतात. एखाद्याकडे हवा तो नग नसला तर शेजारच्या पेढीवरून आणून गिऱ्हाइकाला दाखवतात. ती देवघेव आमच्यापुरती थांबली. काकांनी दुसऱ्या पेढीविषयी कधी एक शब्द काढला नव्हता, पण चिठ्ठी गावभर फिरली होती आणि ती आपली आपण बोलत होती. जवळजवळ दोन वर्षे आमच्याकडे ‘तो नमुना नाही’ हे उत्तर मी रोज देत होतो.

वाढली ती एकच गोष्ट, तोलायला येणारी माणसे. शनिवारच्या बाजाराला आलेल्या बायका पदराची गाठ सोडून बसत आणि म्हणत, “इकायचं न्हाई, नुसतं किती हाय ते सांगा.” काका तोलत, लाखेचा आणि खड्यांचा अंदाज वेगळा काढून सांगत आणि चिठ्ठी लिहून देत. त्याचे पैसे घेत नसत. माझी चिडचिड होई. दिवसाला आठ-दहा चिठ्ठ्या आणि विक्री शून्य. पण घराघरांतल्या डब्यांमध्ये आमच्या शिक्क्याचा कागद जाऊन बसत होता, हे मला तेव्हा दिसत नव्हते. ज्या दिवशी त्या घरात मुलीचे लग्न ठरे, त्या दिवशी डबा उघडला जाई आणि कागद हाती येई. तोलून गेलेली घरे खरेदीला यायला पाच-सहा वर्षे लागली. आली ती मात्र कायमची. पुढे गावात झगमगीत मोठी दुकाने आली, घडणावळीत सूट देणाऱ्या जाहिराती लागल्या. नवी पिढी तिकडे गेलीही. मोड घालायची वेळ आली की मात्र तीच मुले आजीला घेऊन आमच्याकडे येत. विकत घेताना माणूस नक्षी पाहतो, विकताना माणसाकडे पाहतो.

आता काटा विजेवर चालतो, कस सांगणारे यंत्र आहे. २०२१पासून टप्प्याटप्प्याने हॉलमार्क सक्तीचा झाला आणि नव्या दागिन्यावर सहा अक्षरी-अंकी ओळखक्रमांक असतो. पण घरोघरच्या डब्यांतले जुने सोने अजून बिनशिक्क्याचे आहे आणि त्याची मापे आजीच्या आठवणीत आहेत. यंत्र पृष्ठभागाचा कस सांगते. मण्याच्या आत लाख किती, हे ते सांगत नाही. त्याहून महत्त्वाचे, गिऱ्हाइकाने चुकून कमी सांगितले तर यंत्र त्याला दुरुस्त करत नाही. ते काम गादीवर बसलेल्या माणसाचेच राहिले आहे. म्हणून आमच्या पेढीवर आजही नियम आहे की गिऱ्हाइकाने वजन सांगितले तरी ते ऐकून घ्यायचे, त्यावर हो-नाही काही म्हणायचे नाही. आधी तोलायचे, ग्रॅममध्ये लिहायचे, कागद त्याच्या हाती द्यायचा आणि मगच भावाचे बोलायचे. नव्या मुलाला गादीवर बसवताना मी प्रथम हेच शिकवतो. तो बहुधा माझ्यासारखाच वैतागतो.

काका जाऊन आता बारा वर्षे झाली. गेल्या वैशाखात एक पन्नाशीकडे झुकलेल्या बाई पेढीवर आल्या. मिरजेच्या रुग्णालयात परिचारिका म्हणून त्यांची नोकरी चालू होती. मुलीचे लग्न ठरले होते आणि आईची बोरमाळ पटवेकऱ्याकडून नव्या दोऱ्यात गाठवून घ्यायची होती. मी त्यांना ओळखले नाही. त्यांनी डबा उघडला, माळ बाहेर काढली आणि तिच्याखाली घडी घातलेला एक पिवळा पडलेला कागद होता, तो माझ्यापुढे ठेवला.

पाटल्या नग दोन, भरीव, आटणीपूर्वीचे वजन ४६.३०० ग्रॅम.

पाटल्या तर त्याच सोमवारी आटल्या होत्या. मग हा कागद एवढी वर्षे कशाला ठेवला, असे मी विचारले.

“आई म्हणायची, माळेसोबत हा पण पोरीला द्यायचा,” त्या म्हणाल्या.

मी माळ तोलली. बावीस ग्रॅम ऐंशी सेंटीला किंचित कमी भरली. नवी चिठ्ठी लिहिली, लाखेचा अंदाज वेगळा दाखवला, सही केली, आणि दोन्ही कागद एकत्र घडी घालून डब्यात ठेवले.